पोत्याआडचा अपघात

मलकापूरला आमचा लहानसा स्टुडिओ आहे. लग्न, साखरपुडा, बारसं, निरोप समारंभ, जे येईल ते. नवरा कॅमेरा धरतो आणि मी आतल्या खोलीत बसून कापते-जोडते. एडिटिंगला आमच्या घरात अजून 'कापाकापी'च म्हणतात. गेल्या काही दिवसांत त्यात एक नवीन काम आलं. लिहून दिलं की दृश्य बनवून देणारं सॉफ्टवेअर. कॅमेऱ्यानं जे टिपलेलंच नाही, ते शब्दांवरून तयार होतं. नवरीला ढगांवरून चालवा, नवरदेवाला घोड्यावरून किल्ल्यात आणा, असल्या मागण्या मी हसत पुऱ्या करायचे. त्यात शब्द जपून वापरावे लागतात हे मला माहीत होतं, पण कधी अडलं नव्हतं.

अडलं ते भाऊंच्या कामात. भाऊ म्हणजे आमच्याकडे आलेले एक गिऱ्हाईक, सरकारी कचेरीत कारकून. राहायला नांदुऱ्याला, नोकरी मलकापूरला. पन्नाशीचे, बोलणं मोजकं, शर्टाची कॉलरही इस्त्रीची. खुर्चीत बसताना डावा पाय हातानं उचलून सरळ ठेवायचे.

"ताई, एका लग्नात दाखवाले पाच मिनिटांचा पिच्चर पायजे," ते म्हणाले. "हळदीच्या दिवशी पडद्यावर लावाचा."

"नवरा-नवरीचा?"

"नाई. अपघाताचा."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. नवऱ्यानंही मान वर केली.

मग त्यांनी सगळं सांगितलं. दीड-दोन वर्षांपूर्वी सकाळी ते मोटरसायकलनं कचेरीत निघाले होते. हायवेवर ट्रकची धडक बसली. त्यांना त्यातलं काहीच आठवत नव्हतं. घरून निघताना बायकोनं डबा दिला, आणि नंतर दवाखान्यातला पंखा. मधलं सगळं कोरं. त्या कोऱ्या वेळात एक बाई त्यांच्याजवळ होती. संग्रामपूरकडच्या एका गावची, भाजीपाला पिकवणारी. टेम्पोत मेथी घालून मलकापूरच्या बाजाराला निघाली होती. तिनं टेम्पो थांबवायला लावला आणि ॲम्ब्युलन्स येईपर्यंत यांच्याजवळून हलली नाही. पुढे दवाखान्यात भेटायला आली, मग हे तिच्या गावी गेले. तिला सख्खा, चुलत, कसलाच भाऊ नव्हता. भाऊबीजेला ती यांना ओवाळते.

"आता तिच्या पोरीचं लगन हाय," भाऊ म्हणाले. "अन् पोरीनं हट्ट धरला का मामा म्हणून तुमीच मले मांडवात घेऊन जा."

"मग छानच की."

"छानच हाय. पण गावाले कसं सांगता? मी दुसऱ्या गावचा, दुसऱ्या जातीचा. तिचे चुलत सासरे म्हणते, रस्त्यावर भेटलेला माणूस मामा कसा होते? मामा आपल्यातलाच पायजे. भांडण करत नाई ते, पण मनात हाय त्यांच्या." त्यांनी रुमालानं मान पुसली. "म्हणून म्हटलं, एकदा सर्व्यायनं डोळ्यानं पाहावं, तिनं माह्यासाठी काय केलं ते."

त्यांनी दृश्य लिहूनच आणलं होतं. कचेरीतला माणूस, अक्षर मोत्यासारखं. मी वाचायला लागले. डोकं फुटलेलं, रक्ताचं थारोळं, पायाचं हाड बाहेर आलेलं. मी विचारलं, कुठून आणलं हे, आठवत तर काहीच नाही म्हणता? तेव्हा त्यांनी मोबाईल पुढे केला. त्या दिवशी हायवेवर कोणीतरी काढलेली एक क्लिप ग्रुपमधून फिरत फिरत त्यांच्यापर्यंत पोचली होती. मी थोडीशी पाहिली आणि मोबाईल उलटा ठेवला.

"इतकं रक्त दाखवायचं, भाऊ? हळदीत?"

"रक्त दाखवल्याबिगर लोकायले कळत नाई, ताई. लोक म्हणतीन, थोडंसं लागलं होतं अन् ही बाई जवळ बसली. त्यात काय मोठं."

त्यांचं म्हणणं मला चूक वाटलं नाही. मी काम घेतलं.

दुसऱ्या दिवशी त्यांचं वर्णन मी जसंच्या तसं सॉफ्टवेअरला दिलं. एक क्षणही न लावता लाल पट्टी आली. ही विनंती नियमांत बसत नाही. इंग्रजीत करून पाहिलं, तेच. मग मी शहाणपणा केला. 'रक्त' काढून 'रस्त्यावर लाल रंग पसरलेला' असं लिहिलं. या वेळी चक्र फिरायला लागलं, मला वाटलं जमलं. बराच वेळ फिरलं आणि शेवटी चौकट करडी झाली. चित्र तयार झालं होतं, पण ते मला दाखवायला मशीननंच नकार दिला. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की तिथे दोन दारं आहेत. पहिल्या दारावर शब्द तपासतात आणि दुसऱ्यावर तयार झालेलं चित्र. शब्द बदलून पहिल्यातून आत शिरलं तरी दुसऱ्या दारात चित्र जे आहे तेच दिसतं.

नंतर मी भाऊंचा फोटो जोडून पाहिला, चेहरा तरी त्यांचा यावा म्हणून. ते तर मुळीच चाललं नाही. खऱ्या माणसाचा फोटो घेऊन त्याला जखमी दाखवायचं म्हटल्यावर पट्टी पुन्हा आली. आणि खरं सांगायचं तर ती आल्यावर मला बरंच वाटलं. उद्या कोणी माझ्या नवऱ्याचा फोटो घेऊन असं काही बनवलं तर?

नवऱ्यानं कुठलातरी व्हिडिओ पाहून उपाय आणला. "अवं, अक्षरांच्या मधात टिंबं टाकून पाह्य. नाहीतर स्पेलिंग चुकवून लिही. त्याले समजत नाई म्हणते."

"आणि समजलं तर? खातं बंद झालं म्हणजे सीझनची लग्नं काय हातानं रंगवायची?"

"मंग काऊन घेतलं हे काम?"

खातं हे एक कारण होतं. दुसरं असं की टिंबं टाकून ते चित्र मिळालं असतं, तर मला ते कापत बसावं लागलं असतं. पुन्हा पुन्हा, पुढे-मागे करून, एकेका फ्रेमवर थांबून. आणि मग ते हळदीच्या मांडवात, पिवळ्या हातांच्या बायकांपुढे, मांडीवर पोरं घेऊन बसलेल्या आयांपुढे लागलं असतं. मला ते नको होतं. पण मग काय हवं होतं, तेही माहीत नव्हतं. भाऊंना काही आठवत नाही, क्लिपमध्ये नुसतं रक्त. ज्या बाईची ही गोष्ट, तिला तर आम्ही अजून काही विचारलंच नव्हतं.

आम्ही दोघं मोटरसायकलवर तिच्या गावी गेलो. सातपुड्याचे डोंगर तिथून निळे दिसतात. मावशी वाफ्यात मेथी खुडत होत्या. मी त्यांना तेव्हापासून मावशीच म्हणते. काळ्यासावळ्या, उंच, कपाळावर ठसठशीत कुंकू. आम्हाला पाहून हात पदराला पुसत बांधावर आल्या. पिक्चरचं त्यांना भाऊंनी सांगितलं होतं, पण त्यांचं त्यात फारसं मन नव्हतं.

"कशाले पायजे पिच्चर? मी जे केलं ते कोणीबी केलं असतं."

"तिथे पुष्कळ लोक होते ना, मावशी?"

"होते."

"मग त्यांनी काय केलं?"

त्या खाली वाकल्या. मग एक जुडी उचलून तिची मुळं नीट करत म्हणाल्या, "मोबाईल काढले त्यायनं."

मी विचारलं, तुम्हाला काय काय आठवतं ते सांगा. मला वाटलं, आता रक्ताचं येईल. आलं नाही.

"आधी आवाज आला," त्या म्हणाल्या. "ब्रेक मारल्याचा. तारेवरचे पक्षी सारे उडून गेले. मंग काईच नाई. एकदम चूप. आमचा टेम्पो थांबला, मी खाली उतरली. गाडी आडवी पडेल होती, तिचं चाक फिरूनच राह्यलं होतं. अन् हे कडेले. माह्याकडे पाह्यलं अन् काय म्हणाले ठावं हाय? म्हणाले, कपाटाची किल्ली माह्याजवळ हाय, सायबायले देऊन द्या, ऑफिस उघडन."

नवरा हसला. मलाही हसू आलं, आणि लगेच डोळे भरले.

"किल्ली मुठीत. सोडतच नव्हते. मी म्हटलं, द्या भाऊ, देते मी. भाऊ म्हटलं तवा सोडली. ते किल्ली मी पदराच्या गाठीत बांधली. पुढं दवाखान्यात नेऊन देली ना, त्याच्यानंच तं आमची वळख झाली."

"आणि लोक?"

"लोक वरून वाकून वाकून फोटो काढत होते. माणूस असा पडेल हाय, कपडे फाटेल हाय, त्याची बायको-पोरं पाहतीन का नाई हे? मले राग आला. मेथीवर ओलं बारदान झाकलं होतं, ऊन लागू नये म्हणून. ते मी ओढलं अन् दोन्ही हातानं असं धरून उभी राह्यली." मावशींनी बांधावर उभं राहून हात पसरून दाखवलं. "त्यायच्यावर सावली बी झाली अन् आडोसा बी झाला. एक पोट्टा म्हणे, बाई बाजूले सरका. म्हटलं, सरकत नाई. हात भरून आले, पण गाडी येईपर्यंत पोतं खाली केलं नाई."

"पण एक क्लिप निघालीच," नवरा हळूच म्हणाला.

"ते पोतं धराच्या आधीची असन," मावशी म्हणाल्या, आणि त्यांना ते अजून लागत होतं हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

परतताना नवरा गाडी चालवत होता आणि मी मागे बसून मनातल्या मनात दृश्य लिहीत होते. त्या बाईनं जे कोणाला पाहू दिलं नव्हतं, तेच आम्ही मोठ्या पडद्यावर लावायला निघालो होतो. आता काय लिहायचं ते मला कळलं होतं.

मी अपघाताचे तुकडे केले. पहिला तुकडा: सकाळचं ऊन, हायवे, तारेवर बसलेले पक्षी. एकदम सगळे उडतात. धडक दाखवायचीच नाही, नुसता ब्रेकचा आवाज. तो आम्ही ओळखीच्या एका ड्रायव्हरला रिकाम्या मैदानात ब्रेक मारायला लावून घेतला. दुसरा तुकडा: आडवी मोटरसायकल, पुढचं चाक हळू होत थांबतंय, रस्त्यावर एक डबा. तिसरा तुकडा मशीनला असा लिहून दिला: "हायवेच्या कडेला उंच, सावळी, मध्यमवयीन शेतकरी बाई पाठमोरी उभी आहे. दोन्ही हातांनी ओलं पोतं पडद्यासारखं उंच धरलं आहे. पोत्याच्या खालून एका माणसाचा फक्त हात दिसतो, मूठ मिटलेली. समोर उभ्या लोकांनी मोबाईल वर धरले आहेत. कॅमेरा हळूहळू बाईच्या पाठीकडे जातो. गंभीर, शांत दृश्य."

आधी मी शेवटी 'रक्त नको, जखम नको' असंही जोडलं होतं. ते काढून टाकलं. अनुभवानं कळलं होतं की नको म्हणून लिहिलेला शब्दही शब्दच असतो. कधी तपासणीत तोच अडतो, तर कधी मशीन 'नको' विसरून नेमकी तीच वस्तू काढून देतं. जे हवं तेवढंच लिहायचं. 'पडलेला माणूस' हेही टाळलं, कारण त्यावरून एकदा मशीननं मधोमध आडवा माणूस दाखवला होता आणि चौकट करडी झाली होती. 'फक्त हात दिसतो' असं लिहिल्यावर दोन्ही दारं उघडली.

उघडली म्हणजे लगेच बरं आलं असं नाही. पहिल्या खेपेला बाई एखाद्या जाहिरातीतल्यासारखी नटलेली, दुसऱ्यात पोत्याची रेशमी शाल झालेली. लोकांमध्ये एकाला तीन हात. मेथी म्हणून जे यायचं त्याला आमच्याकडे कोणी मेथी म्हणणार नाही. शेवटी मेथीच्या जुड्या आम्ही मावशींच्या शेतावर खऱ्याच शूट केल्या आणि शेवटचं दृश्यही खरंच घेतलं. मावशींचा हात, मातीनं भेगाळलेला, पदराच्या टोकाला किल्ली बांधतोय. पाच मिनिटांच्या त्या पिक्चरमध्ये माझी सगळ्यात आवडती फ्रेम तीच आहे.

भाऊंना दाखवायला बोलावलं तेव्हा मी घाबरले होते. त्यांनी रक्त मागितलं होतं आणि मी एक थेंबही दिला नव्हता. ते पाय सरळ करून बसले. पक्षी उडाले, ब्रेकचा आवाज आला, तसे ते खुर्चीत आक्रसले. चाक थांबलं. मग पोतं. ते पुढे वाकून पडद्याच्या अगदी जवळ गेले.

संपलं तसे ते मागे सरकले. मग म्हणाले, "पुन्हा लावा."

पुन्हा लावलं. पोत्यावर त्यांनी हात वर केला, मी थांबवलं.

"हे असं झालं होतं?"

"मावशींनी सांगितलं तसंच केलं आहे."

"तिनं मले कधीच सांगतलं नाई हे." त्यांनी चष्मा काढला. "मले वाटे, साऱ्या दुनियेनं मले तसं पाह्यलं. त्या क्लिपमधल्यासारखं. कचेरीत कोणी जरा जास्त पाह्यलं माह्याकडे, का मले वाटे यानं ते पाह्यलंच असन." ते माझ्याकडे वळले. "म्हणजे तिनं पोतं धरल्यावर मंग कोणालेच काही दिसलं नाई?"

"कोणालाच नाही."

नवऱ्यानं त्यांच्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला. भाऊ पाणी प्यायले, त्यांनी चष्मा पुसला आणि एकदम कचेरीतल्यासारखे म्हणाले, "रक्ताचं राहू द्या मंग. असंच ठीक हाय."

हळदीच्या संध्याकाळी मावशींच्या अंगणात पडदा लावला. गाणी बंद झाली तशी पोरं ओरडली. लाईट मालवला. मी लॅपटॉपजवळ बसले होते, तिथून मला चुलत सासरे बरोबर दिसत होते. पांढरी टोपी, पुढच्या खुर्चीत, काठी गुडघ्यांच्या मधात.

पक्षी उडाले आणि ब्रेकचा आवाज घुमला, तेव्हा सारं अंगण चिडीचूप झालं. एका बाईनं "अगं माय" म्हटलं. एकाही पोरानं डोळे झाकले नाहीत, एकही रडलं नाही. पोतं धरलेली बाई दिसली तशी कोणीतरी ओरडलं, "काकू, तू हायेस का थे?" आणि मावशी जागेवरून म्हणाल्या, "मी कुठं इतकी गोरीपान!" सगळे हसले. मी 'सावळी' लिहूनही मशीननं आपलंच खरं केलं होतं. हसू थांबता थांबता मिटलेली मूठ आली, आणि मावशींचा खरा हात किल्लीला गाठ मारताना दिसला. त्यावर भाऊंचा आवाज होता, मावशींकडून कळलेलं ते नंतर स्टुडिओत बसून बोलले होते. "ताईनं मले भाऊ म्हटलं, तवा मी किल्ली सोडली."

लाईट लागला. बायका पदरानं डोळे पुसत होत्या. नवरी उठून सरळ भाऊंजवळ गेली, आणि हळदीचे हात लागू नयेत म्हणून नुसतीच त्यांच्या खांद्याला डोकं टेकवून उभी राहिली.

चुलत सासरे बराच वेळ पडद्याकडेच पाहत होते. मग काठी टेकत ते भाऊंसमोर आले.

"तुमी आज इथंच मुक्कामाले हा का?"

भाऊ गडबडले. "नाई, नांदुऱ्याले जातो. सकाळी येतो लवकर."

"जाता कशाले? माह्या घरी झोपा," म्हातारे म्हणाले. "मुहूर्त सकाळचा हाय. मामानं येळेवर तयार असलं पायजे."

दुसऱ्या दिवशी नवरा कॅमेरा घेऊन मांडवाच्या तोंडाशी उभा होता आणि मी त्याच्या मागे. भाऊ नवा फेटा बांधून आले. फेटा चुलत सासऱ्यांनी स्वतः बांधला होता, जरा तिरकाच. भाऊंनी भाचीचा हात धरला आणि दोघं निघाले. डावा पाय ओढत ते चालत होते. नवरीनं आपली पावलं त्यांच्या पावलांना जुळवून घेतली. गुरुजींनी घाई केली, पण तिनं केली नाही.

मावशी खांबाला टेकून उभ्या होत्या. मी त्यांच्याजवळ गेले तर त्यांनी माझा हात घट्ट धरला.

"बाई," त्या म्हणाल्या, "माह्या पोरीचा मामा पाह्य कसा दिसून राह्यला."

"छान दिसून राह्यला, मावशी," मी म्हटलं.